सायन्स सेंटरची ट्रिप: नेण्याआधी काय करायचं, नेऊन आणल्यावर काय करायचं (नवीन शिक्षकांसाठी)

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. पहिल्या वर्षी ट्रिप काढली तेव्हा सकाळी कित्तूरचा किल्ला, दुपारी सायन्स सेंटर, संध्याकाळी तलाव आणि येताना धारवाडचा पेढा, असं सगळं एकाच दिवसात कोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलांना लिहायला सांगितलं, काय काय बघितलं. बेचाळीस वह्या तपासल्या. पेढा जवळजवळ सगळ्यांनी लिहिलेला, बसमध्ये कोण कोण ओकलं ते पण नावानिशी, आणि सायन्स सेंटरबद्दल काय तर "वाकडे आरसे होते, लई मजा आली". बस संपलं. दोन तास आम्ही तिथं होतो.

त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं बदलत गेलो. आता जे करतो ते खाली लिहितोय. आपल्या भागातून साधारण दोन ठिकाणं सोयीची पडतात, धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या आवारातलं प्रादेशिक विज्ञान केंद्र, आणि घाट उतरायची तयारी असेल तर पणजीला मिरामारचं गोवा सायन्स सेंटर. पण खालचं सगळं कुठल्याही केंद्राला चालतं, हाताळून बघायच्या बऱ्याचशा वस्तू सगळीकडे त्याच असतात.

## १. आधी एकटे जाऊन या

हे टाळू नका, एक रविवार घालवा. फोनवर वेळ, तिकीट, शाळेची सवलत आणि सुट्टीचा वार कळतो (बरीच केंद्रं सोमवारी बंद असतात, विचारून घ्या), पण कुठली वस्तू चालू आहे आणि कुठली बंद आहे ते फोनवर कळत नाही. हजार पोरं हाताळतात म्हटल्यावर काहीतरी मोडलेलं असणारच.

बघून काय आणायचं: एका वस्तूभोवती किती मुलं उभी राहू शकतात, संडास आणि पाण्याचा नळ कुठं आहे, डबा खायला सावली कुठं आहे, आणि तुम्ही निवडलेल्या वस्तूचे दोन-तीन फोटो. आतून फोटो काढायला चालतात का ते आधी विचारा.

## २. कागदपत्रं

यावर फार लिहीत नाही, तुमच्या एचएमना माहीत असतंच. एसडीएमसीचा ठराव, बीईओ ऑफिसची परवानगी, पालकांची सहीची संमतीपत्रं, आणि शाळेच्या लेटरहेडवर मुलांची यादी शिक्क्यासकट (तिकिटाच्या सवलतीला लागते, दोन प्रती ठेवा). संमतीपत्रावरच पालकांचा चालू मोबाईल नंबर आणि मुलाला गाडी लागते का एवढं लिहून घ्या. गाडी लागणारी पोरं पुढच्या सीटवर.

## ३. एकच प्रश्न निवडा

सगळ्यात मोठी चूक इथं होते. आपल्याला वाटतं एवढे पैसे गोळा केलेत तर सगळं दाखवूया. दाखवा की, कोण नको म्हणतंय, पण तयारी मात्र एकाच वस्तूची करा. मी घेतो ती दोन शंकू तळाला तळ लावून जोडलेली वस्तू. व्हीच्या आकारात दोन रूळ असतात, रूळ जिथं एकमेकांपासून लांब जातात तिथं ते उंच असतात, आणि शंकूंची ही जोडी खालच्या टोकाला ठेवून सोडली की आपोआप चढावर गडगडत जाते. तुमच्या केंद्रात ती नसली तर दुसरी कुठलीही घ्या, पण परत आल्यावर ज्याचं मॉडेल शाळेत बनवता येईल अशीच घ्या.

हीच का घेतो सांगतो. बटण दाबून दिवा लागणाऱ्या वस्तूत पोराला बघण्यासारखं काही उरत नाही. इथं डोळ्याला दिसतंय ते उलटंच वाटतं, आणि खरं काय चाललंय ते गुडघ्यावर बसून बाजूनं बघितलं तरच कळतं. म्हणजे बघण्याची पद्धत बदलली की उत्तर मिळतं.

## ४. जायच्या आधीचा आठवडा

पहिला तास: डबा. लागणारं सामान म्हणजे दूध पावडरचा रिकामा लोखंडी डबा झाकणासकट, जुन्या बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक, दीड-दोन फुटांची फळी आणि एक जाड पुस्तक. चुंबक डब्याच्या आत एका बाजूला चिकटवा आणि झाकण लावा. अॅल्युमिनियमच्या डब्याला चुंबक चिकटत नाही, आधी लावून बघा. फळीच्या एका टोकाखाली पुस्तक ठेवून उतार करा. डबा आडवा ठेवताना चुंबक वर, थोडंसं चढाच्या बाजूला कललेलं असं धरून सोडा. डबा वीतभर चढावर जातो, मागं-पुढं डुलतो आणि थांबतो.

मुलं आधी म्हणतात जादू. मग एखादा म्हणतो आत काहीतरी आहे. झाकण उघडू नका! डब्याला बाहेरून बोट लावून "जड बाजू कुठली?" एवढंच शोधायला सांगा, आणि डबा सोडताना जड बाजू कुठं होती, थांबल्यावर कुठं आली, त्याचं चित्र काढायला सांगा. सगळ्यांच्या चित्रात जड बाजू वरून खाली आलेली असते. मग झाकण उघडा. "डबा वर गेला पण जड भाग खाली आला" हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की तास संपला. गुरुत्वमध्य हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहा, आधी नको.

दुसरा तास: अंदाजाची चिठ्ठी. शंकूंच्या जोडीचा फोटो दाखवायचा आणि विचारायचं, खालच्या टोकाला ठेवून सोडली तर काय होईल? वर जाईल, तिथंच राहील, का खाली येईल? प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव, उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं. चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट बंद करायचं.

आणि इथं तोंड आवरायचं. मला एका वर्षी राहवलं नाही, सगळं समजावून सांगितलं, आकृती काढून. पोरं तिथं गेली, एकदा सोडून बघितलं, "हां सर सांगितलेलं तेच" म्हणाली आणि वाकड्या आरशाकडे पळाली.

तिसरा तास: शब्द. ही आपल्या सीमाभागाचीच अडचण, दुसरीकडच्या गाईडमध्ये सापडणार नाही. पाट्या कन्नड आणि इंग्लिशमध्ये असतात (गोव्याला कन्नडऐवजी दुसरी भाषा, पण गोष्ट तीच). आपली मुलं कन्नड बोलतात, वाचतात पण, पण विज्ञानाचे शब्द मराठीतून शिकलेली असतात. बरेच शब्द जवळचे आहेत, बल म्हणजे बलच, आपला गुरुत्वमध्य तो तिकडे गुरुत्व केंद्र, घर्षण ते घर्षणे. आरशाला कन्नडी म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं. बहिर्वक्र आणि अंतर्वक्र मात्र पीन आणि निम्न होतात, ते सांगावं लागतं.

खरा घोळ लोलकाचा आहे. आपण मराठीत लोलक म्हणतो ते त्रिकोणी काचेला, ज्यातून सात रंग पडतात. कन्नडमध्ये लोलक म्हणजे झुलणारा लंबक. आमची एक मुलगी "लोलक" अशी पाटी वाचून दोरीला टांगलेल्या गोळ्याभोवती दोन फेऱ्या मारून आली, रंग कुठं पडलेत बघत, आणि मला म्हणाली, "सर, ह्याची लाईट बंद हाय ओ." तेव्हापासून दहा-बारा शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतो. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात ती पोरं या तासाला मास्तर, मी खाली बसतो.

शेवटची पंधरा मिनिटं: जागेची माहिती. बस किती वाजता, डबा कुठं खायचा, संडास कुठं, आत गेल्यावर आधी काय नंतर काय, हे फोटो दाखवून सांगा. वेळ वाया जातोय असं वाटतं. पण नवख्या जागी मुलांचं लक्ष आधी जागेकडेच जातं आणि दिलेलं काम मागं पडतं, 1978 साली फॉक, मार्टिन आणि बॉलिंग यांनी यावर अभ्यास करून लिहिलेलं आहे. जागेचं नवखेपण जेवढं घरीच उतरवता येईल तेवढं उतरवा.

## ५. तिथं गेल्यावर

पहिला अर्धा तास मोकळं सोडा. वाकडे आरसे, फिरती खुर्ची, काय पाहिजे ते करू दे. हा अर्धा तास नाही दिला तर पुढं दोन तास त्यांचं डोकं तिकडेच असतं.

मग सहा-सहाचे गट करून एकेका गटाला शंकूंच्या जोडीजवळ दहा मिनिटं. बाकीचे गट दुसऱ्या शिक्षकांबरोबर फिरत राहतात. रांगेत बेचाळीस जणांना उभं केलं तर शेवटच्याला पुढच्याचं डोकं सोडून काही दिसत नाही.

वीस रिकाम्या जागांची वर्कशीट देऊ नका. पोरं पाटीवरचं बघून जागा भरतात, वस्तूकडे बघतच नाहीत. मी प्रत्येक गटाला फक्त कागदाची एक लांब पट्टी आणि पेन्सिल देतो. तिथल्या माणसाला विचारून (विचाराच, वस्तू त्यांची आहे) काम असं करायचं:

१. एकाने गुडघ्यावर बसून डोळा शंकूच्या टोकाच्या उंचीवर आणायचा.
२. शंकू सुरुवातीला असताना कागदाची पट्टी टेबलावर उभी धरायची आणि शंकूच्या टोकाच्या उंचीला पेन्सिलने खूण करायची, बाजूला "सु" लिहायचं.
३. शंकू वर पोचला की तीच पट्टी तिथं उभी धरून दुसरी खूण, बाजूला "शे".
४. वरून बघून रुळांचं एक चित्र, बाजूने बघून एक चित्र.

स्केल दिली तर पोरं आकडे लिहिण्यातच अडकतात, पट्टीवर नुसत्या दोन खुणा राहतात आणि कुठली खाली ते लगेच दिसतं. पट्टी तिरकी धरली तर मात्र खूण चुकते, तेवढं एकाला लक्ष ठेवायला सांगा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका गटाने "शे" ची खूण खाली आली म्हणून आपलंच चुकलं समजून खोडून वर केली होती. म्हणून आता खोडरबर गोळा करून ठेवतो.

उत्तर तिथं पण सांगायचं नाही. बसमध्ये भांडू दे.

## ६. परत आल्यावर, तीन दिवसांच्या आत

शनिवारी ट्रिप आणि सोमवारी हा तास, असं धरा. आठवडा गेला की पट्ट्या हरवतात, आणि आपण पण पोर्शन पूर्ण करायच्या मागं लागतो.

आधी पाकीट फोडून चिठ्ठ्या वाचा (नावं वाचू नका). मग पट्ट्या फळ्यावर चिकटवा. सगळ्यात "शे" ची खूण "सु" च्या खाली. म्हणजे रूळ वर गेले पण शंकूचा मधला आस खाली आला. डब्याचं आठवणारी दोन-तीन पोरं इथंच उडी मारतात. पण पटायला बनवायलाच पाहिजे.

सामान: एकाच मापाची दोन प्लॅस्टिकची नरसाळी (आमची तोंडाला 10 सेंमी व्यासाची, भांड्यांच्या दुकानात मिळतात), चिकटपट्टी, 60 सेंमी लांब आणि 1 सेंमी जाड दोन सरळ लाकडी पट्ट्या, आणि 2 सेंमी जाडीची एकसारखी पाच-सहा पुस्तकं. नरसाळी तोंडाला तोंड लावून चिकटवा. पट्ट्या व्हीच्या आकारात ठेवा, एका टोकाला दोन्हींमध्ये 2 सेंमी अंतर, दुसऱ्या टोकाला 12 सेंमी. रुंद टोक उंच.

आता हिशोब, तो मुलांकडूनच करून घ्या. नरसाळ्याच्या जोडापासून बाहेर 1 सेंमी गेलं की त्रिज्या साधारण 0.6 सेंमीने कमी होते, हे स्केलने मोजता येतं. सुरुवातीला पट्ट्यांमध्ये 2 सेंमी अंतर, म्हणजे जोडापासून दोन्ही बाजूंना 1 सेंमीवर टेकतात, तिथं त्रिज्या 5 वजा 0.6, म्हणजे 4.4 सेंमी. शेवटी 12 सेंमी अंतर, म्हणजे 6 सेंमीवर टेकतात, तिथं त्रिज्या 5 वजा 3.6, म्हणजे 1.4 सेंमी. म्हणजे नुसत्या पट्ट्या फाकल्यामुळे नरसाळी त्यांच्यामध्ये 3 सेंमी खाली बसतात. आपण रुंद टोक एक पुस्तक घालून 2 सेंमी वर उचललं. तीन खाली, दोन वर, हिशोबाने एक सेंमी खालीच. म्हणून ती "वर" जातात.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा अरुंद टोक थेट टेबलावर आणि रुंद टोकाखाली एक पुस्तक असं ठेवलं, आणि पोरांसमोर नरसाळी वीतभर जाऊन मधेच अडकली. ढकलली तरी हलेनात. मला वाटलं पट्टी वाकडी आहे, अर्धा तास पट्ट्या बदलत बसलो. शेवटी एका पोराने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, पोट टेकलंय त्याचं." बरोबर होतं. सुरुवातीला आस टेबलापासून 5.4 सेंमीवर, शेवटी 4.4 वर येणार, आणि नरसाळ्याची कड 5 सेंमी त्रिज्येची, म्हणजे मधेच कड टेबलाला टेकणारच. उपाय सोपा, दोन्ही टोकं उचला, अरुंद टोकाखाली दोन पुस्तकं आणि रुंद टोकाखाली तीन. फरक तोच 2 सेंमी राहतो आणि पोट मोकळं राहतं.

बाकी काय चुकतं ते पण सांगतो. नरसाळी एका बाजूला सरकून पडली तर व्ही तिरका आहे, मधोमध दोरा ताणून दोन्ही पट्ट्यांचं अंतर सारखं करा. धक्के खात गेली तर जोड नीट जुळलेला नाही, काढून परत चिकटवा. अजिबात हललीच नाहीत तर पट्टीवर गाठी असतील, पॉलिश पेपर मारा.

चाललं की मग बिघडवायला सांगा, खरं शिक्षण इथं होतं. रुंद टोकाखाली अजून एक पुस्तक घातलं की फरक 4 सेंमी झाला, तीन खाली आणि चार वर, मग नरसाळी चढणार नाहीत, उलट उतारावर येतील. आधी हिशोब, मग करून बघणं. फरक 3 सेंमीचा केला तर ती कुठंही ठेवा तिथंच थांबतात, थोडंफार इकडं-तिकडं होतं कारण नरसाळं काही अगदी अचूक शंकू नसतं, आणि घर्षण पण असतंच. शेवटी पट्ट्या समांतर ठेवून बघा. मग साध्या चेंडूसारखी सरळ खाली.

एका वर्षी एक मुलगी अडून बसली, "टेबलच तिकडं उतरतं असेल." मला बरं वाटलं, शंका योग्य होती. गटातल्या एका पोराचे वडील गवंडी, तो दुसऱ्या दिवशी पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन आला. पाईपची दोन टोकं टेबलाच्या दोन कडांना धरून बघितलं. टेबल खरंच वाकडं होतं, अर्धा सेंमीने, पण उलट्या बाजूला. म्हणजे आमची नरसाळी आम्ही धरलं होतं त्यापेक्षा जास्त चढ चढत होती. त्या मुलीने वहीत 2 खोडून 2.5 केलं, आणि मग विचारलं की तीन खाली अडीच वर म्हणजे अर्धाच सेंमी उरला, तर हळू का नाही गेली? काल हळूच गेली होती, आम्ही कुणी लक्ष दिलं नव्हतं. मग एकदा तशीच सोडली, एकदा टेबल फिरवून दुसऱ्या तोंडाने ठेवून सोडली, आणि दोन्ही वेळा मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ धरली.

## ७. पंधरा दिवसांनी

एक छोटी तपासणी, मार्क नकोत. मी खाली जड असणारी, ढकलली तरी उभी राहणारी बाहुली नेतो आणि विचारतो, आडवी केली की ती उठते कशी, चित्र काढून दाखवा. जे मूल बाहुलीच्या आत जड भाग दाखवून तो आडवं असताना वर आणि उभं असताना खाली काढतं, त्याला कळलंय. नुसतं "गुरुत्वमध्यामुळे" असं लिहिणारी पण असतात, त्यांना मी परत डबा हातात देतो.

सगळ्यांना जमत नाही. गेल्या वेळी बेचाळीसपैकी सव्वीस जणांची चित्रं बरोबर होती. उरलेल्या सोळांपैकी बरेच जण ट्रिपच्या दिवशी त्या दहा मिनिटांत मागं उभे होते, पट्टी दुसऱ्याने धरलेली. म्हणून यावेळी सहाऐवजी चारचे गट करणार आहे, आणि "सु" ची खूण एकाने तर "शे" ची दुसऱ्याने करायची.